कांद्याची मान आणि प्रस्तावनेतलं एक वाक्य

निफाड तालुक्यातल्या एका विद्यार्थ्याच्या प्रकल्प अहवालात पहिल्याच पानावर हे वाक्य होतं: 'पात कापताना मान ठेवली तर साठवणुकीत कांदा कमी सडतो हे सिद्ध करून शेतकऱ्यांचं नुकसान कमी करणे, हे या प्रकल्पाचं उद्दिष्ट आहे.' विषय त्याच्या घरचा आहे. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलपासून निघतो, शेतात पातीसकट सुकतो, मग मान, म्हणजे पातीचा कांद्याजवळचा थोडा भाग, ठेवून पात कापतात आणि पावसाळाभर तो कांदाचाळीत राहतो. घरोघरचा प्रश्न त्याने बरोबर पकडला होता. फक्त त्या एका वाक्यात हेतू, उद्दिष्ट आणि परिकल्पना या तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत अडकल्या होत्या.

गोंधळाचं एक कारण आपल्या भाषेतच आहे. बोलताना आपण हेतू, ध्येय आणि उद्दिष्ट हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. 'गृहीतक' तर दोन अर्थांनी येतो: काही जण तो परिकल्पनेसाठी वापरतात, तर काही जण न तपासता धरून चालायच्या गोष्टीसाठी. या प्रयोगात एक ढीग मान ठेवून कापलेल्या कांद्यांचा आणि दुसरा अगदी लागून कापलेल्यांचा होता. त्यात 'दोन्ही ढिगांतला कांदा एकाच शेतातला, एकाच वेळी काढलेला आहे' हे धरून चालायचं आहे. 'मान ठेवलेला कांदा कमी सडेल' हे मात्र तपासायचं आहे. म्हणून तपासायच्या विधानाला मी परिकल्पनाच म्हणतो.

आता 'सिद्ध करणे' हे शब्द पाहा. समजा तीन महिन्यांनी दोन्ही ढिगांत सारखेच कांदे सडलेले निघाले. मग उद्दिष्ट फसलं का? नाही. त्याने मोजलं, तुलना केली आणि उत्तर मिळालं. फसली असेल तर परिकल्पना. माझी कसोटी हीच आहे: निकाल कसाही लागला तरी जे पूर्ण करता येतं ते उद्दिष्ट, आणि निकालामुळे जे खोटं ठरू शकतं ती परिकल्पना. म्हणून उद्दिष्टात मोजणे, नोंदवणे, तुलना करणे अशी क्रियापदं येतात.

हेतू या दोन्हींच्या वरचा असतो: 'पात कापण्याच्या पद्धतीचा उन्हाळ कांद्याच्या टिकण्यावर काय परिणाम होतो, हे समजून घेणे.' असा एक हेतू पुरतो, आणि एका प्रकल्पात तो संपतही नाही. शेतकऱ्यांचं नुकसान कमी होणं ही या कामामागची आशा आहे. ती जरूर लिहावी, पण विषयाचं महत्त्व सांगताना.

परिकल्पनेमागे कारण लागतं. पात अगदी कांद्याला लागून कापली की ओली, उघडी जखम राहते आणि तिथून बुरशी आत शिरते. दोन-तीन सेंटिमीटर मान ठेवली तर ती सुकून मिटते आणि वाट बंद होते. म्हणून परिकल्पना अशी होते: '९० दिवसांनंतर, मान ठेवून कापलेल्या कांद्यांत सडलेल्यांचं प्रमाण लागून कापलेल्यांपेक्षा कमी असेल.' कारण लिहिलं की मर्यादाही दिसते. कापण्याआधीच मान पूर्ण वाळलेली असेल, तर दोन्ही ढिगांतला फरक उरणारच नाही कदाचित. त्यामुळे कांदा किती दिवस सुकवून कापला, हे नोंदवावंच लागतं.

खरी अडचण मला पुढच्या पानावर दिसली. परिकल्पना सडण्याबद्दल होती, पण मुलाने दर पंधरवड्याला मोजलं होतं ते क्रेटचं वजन. कांदा सडला नाही तरी वजन घटतं, कारण त्यातलं पाणी उडतं आणि श्वसनही चालू असतं. उदाहरणादाखल, १० किलोचा क्रेट ८ किलोवर आला, तर त्या दोन किलोंत सुकलेलं किती आणि सडलेलं म्हणून काढून टाकलेलं किती, हे नुसत्या वजनावरून कळत नाही. अशा आकड्यांनी ती परिकल्पना खरीही ठरत नाही आणि खोटीही. परिकल्पनेत जी गोष्ट आहे, तीच उद्दिष्टात मोजली जायला हवी.

त्याची उद्दिष्टं आम्ही अशी लिहिली: दोन्ही प्रकारे कापलेल्या कांद्यांत दर १५ दिवसांनी सडलेले कांदे मोजून वेगळे काढणे, वजनातली घट आणि कोंब आलेले कांदे स्वतंत्र नोंदवणे, ९० दिवसांअखेर दोन्ही गटांतल्या सडीच्या प्रमाणाची तुलना करणे. क्रेट किती, प्रत्येकात कांदे किती, ते चाळीत कुठे ठेवले, हे सगळं 'पद्धती'त गेलं.

प्रत्येक अहवालाला परिकल्पना लागतेच असं नाही. गावात किती जणांकडे चाळ आहे आणि ते पात कशी कापतात, एवढीच पाहणी असेल तर हेतू आणि उद्दिष्टं पुरतात. तिथे परिकल्पना ओढूनताणून आणू नये.

एक गोष्ट मी त्याला विचारली: परिकल्पना कधी लिहिलीस? क्रेट भरायच्या आधी वहीत लिहिली होती, तारीख टाकून. निकाल पाहून तिचे शब्द बदलले असते तर तपासायला काही उरलंच नसतं. वहीतलं ते वाक्य जसंच्या तसं प्रस्तावनेत घेतलं. सडलेले कांदे मात्र त्याने मोजलेच नव्हते, म्हणून पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा क्रेट भरणार आहे.