गर्भावस्थेतील मधुमेह : दोन तासांची ग्लुकोज चाचणी

गरोदरपणात वार इन्शुलिनला विरोध करणारी संप्रेरके सोडते. स्वादुपिंडाला हा वाढीव भार पेलला नाही, तर रक्तातली साखर चढते. बहुतेकींना त्याची काहीच लक्षणे जाणवत नाहीत. म्हणून भारतात पहिल्याच तपासणीला ग्लुकोज चाचणी करतात, आणि ती ठीक आली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करतात.

डिप्सी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या चाचणीला उपाशी पोटी येण्याची गरज नसते. ७५ ग्रॅम ग्लुकोज साधारण ३०० मिली पाण्यात विरघळवून ५ ते १० मिनिटांत प्यायचे. दोन तासांनी साखर दर डेसिलिटरला १४० मिग्रॅ किंवा त्याहून जास्त आली, तर निदान मधुमेहाचे. इतर काही पद्धतींत उपाशीपोटीची साखरही मोजतात, त्यांच्या मर्यादा वेगळ्या. एकीचा आकडा दुसरीला लावू नये. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते. त्यानंतर झाली तर तीच पुढे चालू ठेवतात. चूक बहुधा पुडीत होते. ७५ ग्रॅम हे वजन निर्जल ग्लुकोजचे आहे. पाण्याचा अंश असलेली पूड ८२.५ ग्रॅम घ्यावी लागते. चमच्याने अंदाजे घातलेल्या पुडीवरून निदान करू नये.

समजा, २६व्या आठवड्यात आकडा १५२ आला. आधी दोन आठवडे आहार बदलतात आणि डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर चालणे सुरू करतात. सकाळी पोह्यांची भरलेली बशी, गोड चहा आणि वर केळे असे एका बैठकीत होत असेल, तर ते मोडायचे: पोहे निम्मे, त्यांत मटार-शेंगदाणे, चहा बिनसाखरेचा, फळ दोन-तीन तासांनी. जेवणात भाकरी आणि भात दोन्ही पोटभर नकोत. उसळ, दही, पालेभाजी वाढवावी. ‘दोन जिवांचं खा’ हा सल्ला इथे नडतो, पण घाबरून जेवणच तोडणेही चूक. उपासाच्या खिचडीतला साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट.

दोन आठवड्यांनी जेवणानंतर दोन तासांची साखर १२० च्या खाली असेल, तर आहारच पुढे चालू ठेवतात. १२० किंवा वर असेल, तर डॉक्टर मेटफॉर्मिन किंवा इन्शुलिन सुरू करतात.

वार पडली की साखर बहुधा लवकर उतरते, आणि इथेच पाठपुरावा सुटतो. सहा आठवड्यांनी पुन्हा ७५ ग्रॅमचीच चाचणी असते, पण या वेळी उपाशी पोटी. आता निकषही बदलतात: दोन तासांनी १४० च्या खाली ठीक, १४० ते १९९ मधुमेहपूर्व स्थिती, २०० किंवा वर, अथवा उपाशीपोटी १२६ किंवा वर, म्हणजे मधुमेह. बाळंतीण तेव्हा माहेरी असते, कागद सासरच्या दवाखान्यात राहतात आणि डिंकाचे लाडू चालू असतात. त्यामुळे माहेरी जातानाच फाईल सोबत द्यावी आणि बाळाच्या सहाव्या आठवड्याच्या लसीच्या दिवशीच आईची चाचणी ठरवावी. ती ठीक आली तरी पुढे दरवर्षी साखर तपासावी, आणि पुढच्या गरोदरपणात पहिल्याच भेटीत ही नोंद डॉक्टरांना दाखवावी.