पंचांचा घटना अहवाल (क्रिकेट)

मैदानावर वादावादी, शिवीगाळ, धमकी किंवा खेळण्यास नकार असा प्रकार घडला, की सामन्यातील दोन्ही पंच त्याची जी लेखी नोंद वरिष्ठांकडे देतात, तिला घटना अहवाल म्हणतात. आंतरराष्ट्रीय सामन्यात हा अहवाल सामनाधिकाऱ्याकडे, म्हणजे मॅच रेफरीकडे जातो. क्लब आणि जिल्हा पातळीवर तो स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेकडे आणि दोषी खेळाडूच्या संघाच्या व्यवस्थापनाकडे जातो. अहवालात शिक्षेची शिफारस नसते आणि खेळाडूच्या स्वभावाबद्दल मतही नसते. पंचांनी काय पाहिले, काय ऐकले आणि त्यावर मैदानात कोणती कारवाई केली, एवढेच त्यात येते. हे बंधन कडक आहे आणि ते तसेच असायला हवे. पुढची सगळी सुनावणी या कागदावर उभी राहते आणि ती चालवणारा माणूस बहुतेक वेळा त्या मैदानात नसतो.

क्रिकेटचे नियम मेरिलबोन क्रिकेट क्लबच्या ताब्यात आहेत. २०१७ च्या संहितेत खेळाडूंच्या वर्तनाविषयी ४२ वा नियम आला आणि गैरवर्तनाच्या चार पातळ्या ठरल्या. निर्णयाबद्दल शब्दांनी किंवा कृतीने नाराजी दाखवणे, अश्लील बोलणे आणि अतिरेकी अपील करणे या गोष्टी पहिल्या पातळीत मोडतात. पहिल्यांदा त्याबद्दल ताकीद मिळते. ही ताकीद संपूर्ण संघाला लागू होते, त्यामुळे त्याच संघातल्या दुसऱ्या खेळाडूने पुन्हा पहिल्या पातळीचा गुन्हा केला तरी प्रतिस्पर्ध्यांना ५ दंड धावा मिळतात. दुसऱ्या पातळीत गंभीर नाराजी आणि दुसऱ्या खेळाडूला जाणूनबुजून केलेला अनुचित शारीरिक स्पर्श असे प्रकार येतात आणि तिथे दंड धावा थेट दिल्या जातात. शब्दांनी किंवा हावभावांनी पंचाला दटावणे ही तिसरी पातळी. त्यात दंड धावांबरोबर खेळाडूला काही षटकांसाठी मैदानाबाहेर बसावे लागते. पंचाला मारण्याची धमकी आणि प्रत्यक्ष मारहाण या चौथ्या पातळीच्या गोष्टी आहेत. तिथे खेळाडू उरलेल्या सामन्यातून बाहेर होतो. कोणतीही पातळी असो, सामना संपल्यावर शक्य तितक्या लवकर अहवाल द्यावाच लागतो.

या पातळ्यांमधली सीमा अनेकदा एका वाक्यावर ठरते. समजा, ५० षटकांचा क्लब सामना आहे. चौतिसाव्या षटकाच्या तिसऱ्या चेंडूवर गोलंदाजाने पायचीतचे अपील केले आणि पंचाने ते फेटाळले. गोलंदाज खेळपट्टीच्या मधून माघारी वळला, पंचापासून हातभर अंतरावर येऊन थांबला आणि बोट रोखून म्हणाला, “मॅच संपल्यावर बाहेर भेट, बघतो तुला.” चेंडू मृत झाल्यावर पंचाने टाइम पुकारला, स्क्वेअर लेगच्या सहकाऱ्याशी सल्लामसलत केली आणि क्षेत्ररक्षण करणाऱ्या कर्णधाराला बोलावले. हे वाक्य दटावणी मानायचे की मारण्याची धमकी? दटावणी असेल तर ती तिसरी पातळी. मर्यादित षटकांच्या सामन्यात डावाच्या षटकांचा एक पंचमांश, म्हणजे इथे १० षटके, गोलंदाज बाहेर जाईल. त्याच्या जागी बदली खेळाडू मिळणार नाही आणि अर्धवट राहिलेले षटक दुसऱ्या गोलंदाजाला पूर्ण करावे लागेल. धमकी मानली तर तो उरलेला सामना खेळणार नाही. पंचांना हा निर्णय काही मिनिटांत आणि वाद पेटलेला असताना घ्यावा लागतो. नंतर कोणी त्याला आव्हान दिले, तर पंचांकडे आधार म्हणून फक्त त्या वाक्याचे मूळ शब्द असतात.

म्हणून अहवालात “खेळाडूने उद्धट भाषा वापरली” असे लिहिणे निरुपयोगी ठरते. कोणती भाषा, हे वाचणाऱ्याला कळत नाही, आणि उद्धट हा पंचाचा निष्कर्ष झाला. उद्गार जसा ऐकू आला तसाच, ज्या भाषेत आला त्याच भाषेत, शिवीसकट अवतरणचिन्हांत उतरवायचा. सभ्यतेपोटी शिवीच्या जागी टिंबे दिली, तर समितीपुढे आरोपी खेळाडूचा बचाव आयताच तयार होतो. “रागाने अंगावर आला” याऐवजी “माझ्यापासून साधारण हातभर अंतरावर थांबला, उजव्या हाताचे बोट माझ्या चेहऱ्याकडे रोखले” असे लिहायचे. वेळ घड्याळावरून लिहिण्यापेक्षा षटक आणि चेंडू देणे अधिक पक्के, कारण गुणलेखकाच्या वहीशी ते लगेच ताडून पाहता येते. पुढच्या पेयपानाच्या किंवा जेवणाच्या विश्रांतीत खिशातल्या डायरीत दोन ओळी टिपून ठेवल्या, तर संध्याकाळी शब्द बदलत नाहीत. दिवसभर मैदानावर तो प्रसंग सगळ्यांच्या तोंडी असतो आणि ऐकीव तपशील नकळत स्वतःच्या आठवणीत मिसळतात.

स्क्वेअर लेगचा पंच अशा वेळी पंचवीसेक मीटर लांब असतो. बोट रोखलेले त्याला दिसते, शब्द बहुधा ऐकू येत नाहीत. त्याने तेवढेच लिहावे: “हातवारे पाहिले, बोलणे ऐकू आले नाही.” एका पंचाने ऐकले आणि दुसऱ्याने फक्त पाहिले, असा अहवाल दुबळा दिसतो खरा, पण सुनावणीत तोच टिकतो. दोघांनी शब्दन् शब्द सारखे लिहिले, तर पहिला प्रश्न येतो तो एवढ्या लांबून ऐकू आले कसे हा, आणि मग खऱ्या साक्षीवरही संशय जातो. घटनाक्रम दोघांनी मिळून जुळवायला हरकत नाही. ज्ञानेंद्रियांची साक्ष मात्र ज्याची त्यानेच द्यायची.

पंच स्वतःच वादातला एक पक्ष असतो, तेव्हा हे काम सर्वांत अवघड होते. डिसेंबर १९८७ मध्ये फैसलाबादच्या पाकिस्तान-इंग्लंड कसोटीत दुसऱ्या दिवसाचा खेळ संपत आला असताना असेच घडले. गोलंदाज एडी हेमिंग्ज चेंडू टाकायला धावत येत असताना स्क्वेअर लेगला उभे असलेले पंच शकूर राणा यांनी खेळ थांबवला. इंग्लंडचा कर्णधार माइक गॅटिंग फलंदाजाच्या नकळत क्षेत्ररक्षक हलवतो आहे, असे राणांचे म्हणणे होते. क्षेत्ररक्षक जवळ आणल्याचे फलंदाजाला सांगितले होते आणि त्याला फक्त थांबण्याची खूण केली होती, असे गॅटिंगचे म्हणणे. दोघे एकमेकांसमोर बोटे नाचवत भांडले आणि ते छायाचित्र जगभर गेले. लेखी माफी मिळाल्याशिवाय उभे राहायला राणांनी नकार दिला, त्यामुळे तिसऱ्या दिवशी एकही चेंडू पडला नाही. अखेर गॅटिंगने माफीची चिठ्ठी लिहून दिली. त्या सामन्यात तटस्थ पंच नव्हते आणि सामनाधिकाऱ्याची व्यवस्थाही १९९० च्या दशकात आली, म्हणजे दोघांची बाजू ऐकून घेणारे तिसरे कोणी मैदानाजवळ नव्हतेच. अशा प्रसंगी पंचाच्या अहवालात त्याचे स्वतःचे शब्दही तितक्याच काटेकोरपणे यायला हवेत. पंचाने स्वतः आवाज चढवला असेल, तर तेही लिहावे. ते लपवले आणि स्टंपजवळच्या ध्वनिग्राहकात सापडले, तर उरलेल्या अहवालावरचा विश्वास उडतो.

पाहिलेले आणि अनुमानलेले यांतला फरक सर्वांत ठळक दिसला तो २० ऑगस्ट २००६ रोजी ओव्हलवर. इंग्लंड-पाकिस्तान मालिकेतल्या चौथ्या कसोटीचा चौथा दिवस होता. पंच डॅरेल हेअर आणि बिली डॉक्ट्रोव्ह यांनी छप्पन्न षटके टाकलेला चेंडू तपासला आणि त्यावर मुद्दाम ओरखडे पाडले आहेत असा निष्कर्ष काढला. त्यांनी चेंडू बदलला आणि इंग्लंडला ५ दंड धावा दिल्या. चहापानानंतर पाकिस्तानचा संघ निषेध म्हणून वेळेवर बाहेर आला नाही. पंच मैदानात आले, परतले, पाकिस्तानी संघाच्या खोलीत जाऊन त्यांनी कर्णधार इंझमाम-उल-हकला विचारणा केली, पुन्हा बाहेर आले आणि अखेर यष्ट्यांवरच्या बेल्स उडवून सामना पाकिस्तानने सोडून दिल्याचे जाहीर केले. उशिरा पाकिस्तानी खेळाडू मैदानाकडे आले, पण पंच पुन्हा खेळवायला तयार झाले नाहीत. सोडून दिला म्हणून निकाल लागलेली ही कसोटी इतिहासातली पहिलीच.

इंझमामवर दोन आरोप ठेवले गेले: चेंडूशी छेडछाड आणि खेळाला कमीपणा आणणे. २७ आणि २८ सप्टेंबरला आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे प्रमुख सामनाधिकारी रंजन मदुगले यांच्यापुढे सुनावणी झाली. दुसरा आरोप सिद्ध झाला आणि इंझमामवर चार एकदिवसीय सामन्यांची बंदी आली. संघ बाहेर आला नाही, ही गोष्ट पंचांनी आणि प्रेक्षकांनीही डोळ्यांनी पाहिली होती. पहिल्या आरोपातून मात्र तो सुटला. कोणत्या खेळाडूने, केव्हा आणि कशाने चेंडू खरवडला, हे पंचांनी पाहिलेले नव्हते आणि दूरचित्रवाणीच्या चित्रीकरणातही तसे काही सापडले नाही. त्यांच्याजवळ होता तो चेंडू आणि त्यावरच्या खुणा. सुनावणीत तो चेंडू पाहिला गेला आणि त्या खुणा नेहमीच्या वापरानेही पडू शकतात, असा निष्कर्ष निघाला.

नियमाप्रमाणे चेंडूची अवस्था ठरवण्याचा अधिकार पंचांचाच होता आणि मैदानावर त्यांचा शब्द अंतिम होता. चेंडू बदलणे त्यांच्या अधिकारात बसत होते. शिस्तभंगाच्या सुनावणीला मात्र अधिकार पुरत नाही, तिथे पुरावा लागतो. चेंडू बदलण्यापूर्वी त्याची अवस्था किती षटकांआधी कशी होती, मधल्या षटकांत चेंडू कुठे कुठे आपटला, कोणत्या बाजूला किती खुणा वाढल्या, अशा क्रमवार नोंदी असत्या, तर खुणा आपोआप पडल्या की पाडल्या, याबद्दल काही बोलता आले असते. याचसाठी पंच विकेट पडल्यावर आणि खेळ थांबल्यावर चेंडू हातात घेऊन पाहतात. संशय आलाच, तर आधीच्या तपासणीशी तुलना करायला काहीतरी हाताशी असते.

ओव्हलच्या निकालाचा पुढचा भाग कागदांचाच होता. २००८ मध्ये परिषदेने तो निकाल बदलून सामना अनिर्णित ठरवला. पंचांनी नियमाप्रमाणे दिलेला निकाल नंतर बदलता येत नाही, असा मेरिलबोन क्लबचा आक्षेप होता. फेब्रुवारी २००९ मध्ये परिषदेने निर्णय फिरवला आणि इंग्लंडच्या विजयाची नोंद पुन्हा कायम झाली.