क्रमबद्ध मॅप व सेट (संतुलित वृक्षावर आधारलेले)

घटक नेहमी लहानाकडून मोठ्याकडे अशा क्रमाने उपलब्ध ठेवणाऱ्या विदासंरचना. येथील क्रम तुलनेने ठरणारा आहे. घटक ज्या क्रमाने भरले गेले तो क्रम जपणाऱ्या रचना वेगळ्या, आणि दोन्हींना ‘ऑर्डर्ड’ म्हणण्याच्या सवयीमुळे बराच गोंधळ होतो. प्रस्तुत नोंदीत सी++ भाषेतील `std::map` व `std::set` यांचा विचार केला आहे.

या दोन्ही रचना अलेक्झांडर स्टेपानोव्ह व मेंग ली यांच्या ग्रंथालयातून 1994 मध्ये मानकाच्या मसुद्यात आल्या आणि 1998 च्या मानकात स्थिरावल्या. मानक कोणत्याही वृक्षाचे नाव घेत नाही, ते फक्त हमी मागते: शोधणे व भरणे घटकसंख्येच्या लॉगॅरिदमच्या प्रमाणात व्हावे, फेरी चढत्या क्रमाने व्हावी, नवा घटक आल्याने जुन्या घटकांकडे निर्देश करणारे इटरेटर निकामी होऊ नयेत, आणि इटरेटर हाती असताना घटक काढण्याचा खर्च सरासरीने स्थिर असावा. क्रमाने लावलेल्या सलग ॲरेत शोध जलद होतो, पण मध्ये घटक घालायचा तर पुढचे सगळे सरकवावे लागतात. हॅश तक्त्यात क्रमच नसतो. साधा द्विमान वृक्ष चढत्या क्रमाने आलेल्या विदेवर साखळीसारखा लांबत जातो. म्हणून प्रत्येक घटकाला स्वतंत्र नोड देणारा, स्वतःची उंची आवरणारा द्विमान वृक्षच या अटींत नीट बसतो.

अशा वृक्षांतील सर्वांत जुना म्हणजे ॲडेल्सन-वेल्स्की व लँडिस यांचा 1962 मधील एव्हीएल वृक्ष. प्रचलित ग्रंथालयांनी मात्र लाल-काळा वृक्ष स्वीकारला. त्याचे मूळ सामान्यतः रुडॉल्फ बायर यांच्या 1972 च्या सममित द्विमान बी-वृक्षात मानतात. आजचे रूप व नाव गिबास व सेजविक यांच्या 1978 च्या निबंधातून आले. या वृक्षात प्रत्येक नोडवर लाल वा काळ्या रंगाची खूण असते. या रंगांबद्दल दोन हकिकती आहेत. झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रातील रंगीत लेसर प्रिंटरवर लाल रंग सर्वांत चांगला उमटत असे, ही एक. आकृत्या काढायला लाल व काळी पेने हाताशी होती, ही दुसरी, आणि ती गिबास यांच्या नावावर सांगितली जाते. दोन्ही एकाच वेळी खऱ्या असण्यास अडचण नाही. निवडीचे कारण याहून महत्त्वाचे आहे: एव्हीएलची उंची कमी राहते, पण घटक काढताना रोटेशनची, म्हणजे समतोलासाठी नोड वरखाली फिरवण्याची, मालिका मुळापर्यंत जाऊ शकते, तर लाल-काळ्या वृक्षात काढताना जास्तीत जास्त तीन रोटेशन पुरतात. काढण्याच्या खर्चावरील मानकाची अट पाहता हे कारण अधिक ग्राह्य वाटते.

1 ते 7 या संख्या ओळीने भरल्यास साध्या वृक्षात सात नोडांची साखळी बनते. लाल-काळ्या वृक्षात 3, 5 व 7 भरताना प्रत्येकी एक रोटेशन होते, 4 व 6 भरताना केवळ रंग बदलतात. शेवटी मुळाशी 2, त्याच्या डावीकडे 1, उजवीकडे 4, आणि 4 खाली 3 व 6 राहतात. 5 व 7 ही 6 ची मुले. सर्वांत लांब वाट 2, 4, 6, 7 अशी चार नोडांची. सर्वसाधारणपणे ही उंची 2 log₂(n+1) पेक्षा जास्त होत नाही, म्हणजे दहा लाख घटकांसाठी 40 च्या आत.

फेरी 1 पासून सुरू होते. 1 वरून 2 वर एक पाऊल चढावे लागते; 2 वरून 3 गाठण्यासाठी 4 वर उतरून डावीकडे, अशी दोन पावले; 7 नंतर शेवट गाठायला मुळापर्यंत चढावे लागते. या वृक्षात सहा कडा आहेत आणि फेरीत एकूण 11 पावले पडतात, कारण कोणतीही कडा दोनदापेक्षा जास्त ओलांडली जात नाही. एखादे पाऊल लांब पडले तरी संपूर्ण फेरीचा खर्च घटकसंख्येच्याच प्रमाणात राहतो.

इटरेटरला मात्र उडी मारता येत नाही, आणि येथेच एक नेहमीची चूक होते:

```cpp
std::lower_bound(s.begin(), s.end(), x); // सावकाश
s.lower_bound(x);                        // जलद
```

दोन्हींचे उत्तर एकच असते. पहिल्या ओळीत तुलना मोजक्याच होतात, पण मधला घटक गाठण्यासाठी प्रत्येक वेळी एकेक पाऊल चालावे लागते. घटक दुप्पट केल्यावर एका शोधाचा वेळही दुप्पट झाला, तर ही चूक झाल्याचा संशय घ्यावा.

मराठी शब्द `std::string` मध्ये यूटीएफ-8 रूपात ठेवल्यास मूळ तुलना बाइटनुसार होते. युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्यामध्ये असल्याने फेरीत काळा, कावळा, काहूर असा क्रम येतो. वर्णमालेत ळ हा ह नंतर असल्याने कोशाचा क्रम कावळा, काहूर, काळा असा हवा. तो हवा असेल तर तुलनेचे फलन स्वतः द्यावे लागते.

रस्टच्या `BTreeMap` मध्ये एका नोडात 11 पर्यंत घटक शेजारीशेजारी असतात, त्यामुळे प्रोसेसरच्या कॅशचा उपयोग अधिक होतो. पण तेथे नवा घटक भरताना जुने घटक जागा बदलतात, आणि इटरेटर टिकण्याची सी++ मधील हमी त्या रचनेत देता येत नाही.