'माणूसच तसा आहे' आणि 'माझं काय, मला घाई होती': या दोन चुका वेगळ्या आहेत

भांडणावर बोलताना लोक फंडामेंटल ॲट्रिब्युशन एरर, म्हणजे समोरच्याच्या वागण्याचं कारण परिस्थिती सोडून थेट त्याच्या स्वभावात शोधणं, आणि ॲक्टर-ऑब्झर्व्हर फरक, म्हणजे तसंच वागलं तर दुसऱ्याला स्वभाव आणि स्वतःला परिस्थिती लावणं, हे एकच समजतात, मीही बरीच वर्षं समजत होतो. पण दोन्ही वेगळ्या ठिकाणी चुकवतात आणि दोन्हींवरचा उपायही वेगळा आहे, म्हणून आमच्या सोसायटीतलंच उदाहरण घेतो.

एप्रिल महिना होता. सकाळी पावणेसातला मी ऑफिसला निघालो तर माझ्या गाडीच्या मागे शेजारच्या विंगमधल्या काकांची स्कूटर आडवी, हँडल लॉक. त्या आठवड्यात तिसऱ्यांदा. मी वॉचमनला म्हणालो, "हा माणूसच बेशिस्त आहे, दुसऱ्याची पर्वाच नाही." नंतर कळलं की उन्हाळ्यात पाण्याचा टँकर साडेपाचला येतो आणि नेमका त्यांच्या स्लॉटसमोर उभा राहतो, पाइप तिथूनच टाकीत जातो, त्यामुळे नाइट शिफ्ट करून आलेल्या काकांना स्कूटर लावायला जागाच नसते.

स्कूटर बघून मी थेट स्वभावावर गेलो, ही पहिली चूक, फंडामेंटल ॲट्रिब्युशन एरर. हे नाव मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी 1977 मध्ये दिलं, पण त्याच्या 10 वर्षं आधी जोन्स आणि हॅरिस यांनी विद्यार्थ्यांना क्युबाच्या कॅस्ट्रोवरचे निबंध वाचायला देऊन लिहिणाऱ्याचं खरं मत काय असेल ते विचारलं होतं. काहींना तर आधीच सांगितलं होतं की बाजू लिहिणाऱ्याने निवडली नाही, त्याला नेमून दिली होती. तरी कॅस्ट्रोच्या बाजूने लिहिणारा त्यांना मनातूनही कॅस्ट्रोवाला वाटला! म्हणजे परिस्थिती माहीत नव्हती म्हणून चूक झाली असं नाही, माहीत असूनही ती हिशोबात कमी धरली गेली. आणि वाचणाऱ्यांचं कुणाशी भांडणही नव्हतं, ही चूक तिऱ्हाईतही करतो. मला टँकरचं कळल्यावरसुद्धा दोन दिवस मनात "तरी पण" येतच होतं.

आता दुसरी. मागच्या जुलैत धो धो पावसात मी माझी बाइक दुसऱ्याच कुणाच्या तरी स्लॉटमध्ये लावली होती, वीस मिनिटं. तेव्हा मी स्वतःला बेशिस्त म्हणालो का? नाही, "पाऊस होता, पाचच मिनिटं" म्हणालो. इथे फक्त काकांबद्दलचं माझं मत बघायचं नाही, तर काकांना लावलेली मोजपट्टी आणि स्वतःला लावलेली मोजपट्टी यातलं अंतर बघायचं, ते म्हणजे ॲक्टर-ऑब्झर्व्हर फरक. पहिली चूक एका माणसाबद्दलच्या एका निकालात दिसते, दुसरी दोन निकाल शेजारी ठेवल्याशिवाय दिसतच नाही.

यामागे नजर कुठे आहे हाही भाग असतो, मला पाऊस दिसतो आणि काकांच्या बाबतीत काका दिसतात. 1973 मध्ये स्टॉर्म्स यांनी दोन अनोळखी माणसांना गप्पा मारायला लावल्या आणि मग काहींना स्वतःचाच व्हिडिओ समोरच्याच्या बाजूने दाखवला, तर ते आपल्या वागण्याचं कारण परिस्थितीपेक्षा स्वभावात जास्त शोधायला लागले. एक मर्यादा सांगतो, 2006 मध्ये माले यांनी 173 अभ्यास एकत्र केले तर हा फरक सरासरीने जवळजवळ शून्य निघाला, पण वाईट घटनांमध्ये मात्र दिसला. म्हणजे भांडणात तो येण्याची शक्यता जास्त.

म्हणून दुसऱ्या चुकीसाठी मी आपलीच तशी एक घटना आठवून ती समोरच्याच्या शब्दांत मांडून बघतो, "त्याने माझ्या जागेत बाइक लावली आणि वीस मिनिटं आलाच नाही." ऐकायला फार वाईट वाटतं. पण पहिल्या चुकीला एवढं पुरत नाही, तिथे मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड केली यांच्या पद्धतीने तीन गोष्टी विचाराव्या लागतात: त्या जागी बाकीचेही तसंच करतात का, हा माणूस इतर ठिकाणीही असाच वागतो का, आणि तशीच वेळ आली की दरवेळी असंच होतं का. काकांच्या ओळीतले आणखी दोघंही टँकरच्या दिवशी गाड्या वाटेतच सोडतात, काका दुसरीकडे कुठेच अशी लावत नाहीत, आणि टँकर आला की मात्र दरवेळी हेच. तिन्ही उत्तरं टँकरकडे बोट दाखवतात, मग स्वभाव सुधारायला सांगून काय होणार? आम्ही सेक्रेटरींना सांगून टँकर मागच्या गेटने घ्यायला लावला, पाइप दहा-बारा फूट जास्त लागला, बस. स्कूटर परत आडवी दिसली नाही.

याच सोसायटीत एक गृहस्थ मात्र वॉचमनवर, लिफ्टवाल्यावर, दूधवाल्यावर बाराही महिने खेकसतात, बाकी कुणी तसं करत नाही. तिथे हेच तीन प्रश्न विचारले तर उत्तर स्वभाव असंच येतं आणि ते बरोबर आहे.