मिठाचे दोन डबे आणि लघवीचा एक रिपोर्ट

गरोदर बाईच्या मानेवर गलगंड दिसला की बहुतेकांच्या मनात पहिला प्रश्न येतो, आयोडीन कमी पडलं का? त्याचं उत्तर शोधायला दोन सोपे मार्ग सुचतात. एक, तिला विचारायचं, “आयोडीनयुक्त मीठ वापरता ना?” दुसरा, लघवीतलं आयोडीन तपासायचं. दोन्हींची उत्तरं दिलासा देणारी आली, तरी मूळ प्रश्न तसाच राहू शकतो.

एक उदाहरण घेऊ. बाई काल्पनिक आहे, पण अशा बायका तपासणीला येतात. वय 26, पहिलंच गर्भारपण, चौदावा आठवडा. मान सरळ ठेवली तर काही दिसत नाही, पण हाताला थायरॉईड मोठी लागते आणि गिळताना वर सरकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत हा पहिल्या श्रेणीचा गलगंड. मान सरळ असतानाही नुसत्या नजरेला दिसला असता, तर दुसरी श्रेणी. ‘मोठी’ म्हणजे किती, याचं मापही ठरलेलं आहे: ग्रंथीची बाजूची पाळी त्या बाईच्याच अंगठ्याच्या टोकाच्या पेरापेक्षा मोठी असली, तर गलगंड. तपासणाऱ्याचा अंगठा इथे चालत नाही. त्यातही पहिल्या श्रेणीबाबत दोन अनुभवी माणसांचं एकमत होईलच असं नाही, म्हणून शंका असेल तर सोनोग्राफीने आकार मोजलेला बरा.

कागदावर तिची माहिती अशी आहे: आयोडीनयुक्त मीठ – होय. लघवीतलं आयोडीन – लिटरला 180 मायक्रोग्रॅम. शेरा – आयोडीन पुरेसं.

हा शेरा दोन कारणांनी लंगडा आहे. आधी लघवीचं पाहू, कारण आकड्यावर आपला विश्वास चटकन बसतो.

पोटात गेलेल्या आयोडीनपैकी सुमारे 90 टक्के एक-दोन दिवसांत लघवीवाटे बाहेर पडतं. म्हणजे हा आकडा काल-परवाच्या खाण्याबद्दल सांगतो. पासबुकातली शेवटची नोंद म्हणजे खात्यातली शिल्लक नव्हे. शिवाय पाणी जास्त प्यायलं की लघवी पातळ होते आणि आकडा उतरतो, एखाद्या दिवशी मासे खाल्ले की चढतो. एका व्यक्तीचा बऱ्यापैकी भरवशाचा अंदाज हवा, तर वेगवेगळ्या दिवशी घेतलेले दहाएक नमुने लागतात. गरोदर बायकांसाठी ‘150 ते 249 म्हणजे पुरेसं’ हा जो निकष सगळीकडे छापलेला असतो, तो शेकडो बायकांच्या नमुन्यांच्या मध्यकासाठी आहे. एखाद्या भागातल्या गरोदर बायकांना पुरेसं आयोडीन मिळतं का, हे ठरवायला तो उत्तम. समोर बसलेल्या एका बाईला तो लावणं म्हणजे गावाच्या सरासरी उंचीवरून तिची उंची सांगण्यासारखं आहे. तरी तो रोज लावला जातो, प्रयोगशाळेच्या रिपोर्टवरही छापला जातो.

आणखी एक गोम आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. गरोदर बाईची लघवी प्रथिनं आणि साखर पाहण्यासाठीही तपासतात. त्यासाठी बुडवायच्या काही पट्ट्यांत पोटॅशियम आयोडाइड असतं. ज्या कपात पट्टी बुडवली, त्याच कपातली लघवी आयोडीनसाठी पाठवली, तर आकडा फुगतो. जखमेवर किंवा तपासणीच्या वेळी लावलेलं पोव्हिडोन-आयोडीन हे जंतुनाशकही तेच करतं. म्हणून आयोडीनचा नमुना आधी वेगळा काढून ठेवायचा, पट्टी मग उरलेल्या लघवीत.

आता मीठ. ‘होय’ या उत्तरामागे काय आहे, ते काढायला दहा मिनिटं लागतात. आपल्या बाईला विचारलं, “स्वयंपाकात कुठलं मीठ घालता?” तेव्हा कळलं, घरात दोन डबे आहेत. जेवताना वरून घ्यायचं मीठ आयोडीनयुक्त. स्वयंपाकात मात्र सैंधव, गेली तीन वर्षं, कारण ते ‘नैसर्गिक’. पाकिटावर आयोडीन घातल्याचा उल्लेख नाही. न घातलेल्या सैंधवात आयोडीन जवळजवळ नसतंच. ती खोटं बोललेली नव्हती. तिला प्रश्नच अर्धा विचारला होता.

मग हिशेब. घरात माणसं तीन. आयोडीनयुक्त मिठाचं अर्धा किलोचं पाकीट सुमारे चार महिने पुरतं. 500 ग्रॅम भागिले 120 दिवस, भागिले तीन माणसं: माणशी दिवसाला साधारण 1.4 ग्रॅम. मिठात साधारणपणे किलोला 20 ते 40 मिलिग्रॅम आयोडीन घालतात, पण साठवणुकीत काही उडून जातं, आणि हे पाकीट ओट्यावर, वाफेत, उघडं असायचं. किलोला 20 मिलिग्रॅम उरलं असं धरलं, तर 1.4 ग्रॅममधून मिळतात 28 मायक्रोग्रॅम. गरोदरपणात रोज लागतात 250. सगळं मीठ आयोडीनयुक्त असतं आणि दिवसाला पाच ग्रॅम जात असतं, तर हेच 100 झाले असते. उरलेलं तेव्हाही दुसरीकडूनच आलं असतं, हेही लक्षात घ्यावं. त्यावर उपाय म्हणून मीठ वाढवायचं नसतं.

घरचं मीठ तपासायला छोटी बाटली मिळते. चिमूटभर मिठावर थेंब टाकला की स्टार्चमुळे निळा-जांभळा रंग येतो. ती चाचणी आयोडीन आहे की नाही एवढंच भरवशाने सांगते. रंग किती गडद आहे यावरून प्रमाण वाचायला जाऊ नये, त्यासाठी प्रयोगशाळेतलं टायट्रेशन हवं. दोन्ही डब्यांतलं मीठ मागवून ही चाचणी केली, तर आपल्या बाईच्या बाबतीत एकावर रंग येईल, दुसऱ्यावर नाही. तिला स्वतःला पटवायला यापेक्षा चांगलं काही नाही.

मिठाखेरीज खाण्याचा इतिहास विचारताना सगळा आहार उलगडायची गरज नसते. आयोडीनचे मोठे स्रोत मोजकेच: समुद्री मासे, दूध आणि दुधाचे पदार्थ, अंडी. दुधातलं प्रमाण जनावराच्या खाद्यावर आणि कास धुण्याच्या औषधावर अवलंबून असल्यामुळे फार बदलतं, म्हणून ‘रोज एक पेला’ ही नोंद मायक्रोग्रॅममध्ये उतरवायचा हट्ट करू नये. समुद्री शेवाळ खाते का, हे मात्र उलट कारणासाठी विचारायचं. काही जातींच्या वाळवलेल्या शेवाळाच्या एकाच ग्रॅममध्ये दिवसाच्या गरजेच्या कितीतरी पट आयोडीन असतं, आणि अति आयोडीननेही गलगंड होतो. कोबी, फुलकोबीवर खापर फोडायची फार सवय आहे. आयोडीन पुरेसं असेल तर शिजवलेल्या कोबीने सहसा काही बिघडत नाही. धूम्रपान आणि लोहाची कमतरता यांची चौकशी जास्त मोलाची: धुरातून येणारं थायोसायनेट आयोडीनला ग्रंथीत शिरताना अडवतं, आणि हार्मोन बनवणाऱ्या एन्झाइमला काम करायला लोह लागतं.

आमची बाई मासे खात नाही, अंडी क्वचित, दूध चहापुरतं. म्हणजे इतक्या वर्षांचा हिशेब 250च्या कुठेच जवळ जात नाही. मग लघवीत 180 आले कुठून?

“गोळ्या कुठल्या चालू आहेत?” या प्रश्नावर तिने पिशवीतून डबी काढली. गर्भारपणातल्या जीवनसत्त्वांची गोळी, नमुना देण्याच्या नऊ दिवस आधी सुरू केलेली. लेबलवर आयोडीन 150 मायक्रोग्रॅम. कोडं सुटलं. लघवीने गोळीची बातमी दिली होती, तीन वर्षांच्या सैंधवाची नाही. ती बातमी मानेत होती, कारण ग्रंथी वाढायला महिने-वर्षं लागतात आणि आयोडीन मिळू लागल्यावरही ती लगेच आकसत नाही. लेबल वाचताना एक बारकावा: ‘पोटॅशियम आयोडाइड 150 मायक्रोग्रॅम’ असं लिहिलं असेल, तर प्रत्यक्ष आयोडीन सुमारे 115 मायक्रोग्रॅमच असतं. बऱ्याच गोळ्यांत आयोडीन अजिबात नसतं, म्हणून डबी डोळ्यांनी पाहावी.

तरीही ‘गलगंड आयोडीनच्या कमतरतेने’ असं लगेच लिहिता येत नाही. थायरॉईडविरुद्धच्या प्रतिपिंडांमुळे होणारा दाह, गाठी, ग्रंथीचं अति काम, यांतही ती वाढते. थायरॉईडला कामाला लावणारा हार्मोन टीएसएच, थायरॉईडचा स्वतःचा हार्मोन मुक्त टी4, प्रतिपिंडं आणि सोनोग्राफी हे पाहायला हवंच. टीएसएच वाचताना गर्भारपण ध्यानात ठेवावं: पहिल्या तीन महिन्यांत वारेच्या हार्मोनमुळे तो एरवीपेक्षा खाली जातो. तो निर्दोष आला म्हणून आयोडीन पुरेसं असं ठरत नाही, कारण कमतरता सौम्य असली तर ग्रंथी वाढून काम निभावून नेते. आपल्या बाईचा टीएसएच 2.1 म्हणजे निर्दोष, प्रतिपिंडं नाहीत, ग्रंथी सारखी वाढलेली, गाठी नाहीत. म्हणजे जुनी कमतरता हे सर्वांत संभाव्य कारण, सिद्ध झालेलं नव्हे.

हे सगळं कागदावर कसं उतरतं, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. पुढच्या महिन्यात तिला दुसरंच कुणीतरी तपासणार असतं, आणि ‘आयोडीन पुरेसं’ वाचून ते पुढे जातं. मी असं लिहीन:

“14 आठवडे. गलगंड श्रेणी 1, मऊ, गाठ हाताला लागत नाही. सोनोग्राफीत सारखी वाढ. स्वयंपाकात सैंधव, 3 वर्षं, पाकिटावर आयोडीन नाही, चाचणीत रंग नाही. वरून घ्यायचं मीठ आयोडीनयुक्त, चाचणीत रंग आला, अंदाजे 1.4 ग्रॅम रोज (पाकिटावरून हिशेब). मासे नाही, अंडी क्वचित, दूध चहापुरतं, शेवाळ नाही. धूम्रपान नाही. आयोडीन 150 मायक्रोग्रॅमची गोळी, लघवीच्या नमुन्याआधी 9 दिवसांपासून. लघवी 180 मायक्रोग्रॅम प्रति लिटर, एकच नमुना, गोळी सुरू असताना. पट्टी त्याच कपात बुडवली का, माहीत नाही. आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट देऊन स्कॅन: नाही. मत: आधी कमतरता संभाव्य, सध्या गोळीमुळे भर.”

यात ‘माहीत नाही’ हे शब्द मुद्दाम आहेत. रिकामी जागा पुढचा माणूस ‘नाही’ अशी वाचतो. एककही पूर्ण लिहायचं, कारण काही प्रयोगशाळा लिटरमागे सांगतात, काही क्रिएटिनिनच्या ग्रॅममागे, आणि हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना होत नाही.

उपचार यातूनच निघाला: स्वयंपाकातलं मीठ बदलायचं, मिठाचं प्रमाण वाढवायचं नाही, डबा झाकणाचा घ्यायचा आणि शेगडीपासून लांब ठेवायचा, गोळी तीच एक चालू ठेवायची. गलगंड आहे म्हणून गोळ्या दुप्पट करू नयेत. गरोदरपणात रोज 500 मायक्रोग्रॅमच्या वर जाण्यात फायदा नाही, आणि वर्षानुवर्षं कमी आयोडीनवर चाललेली ग्रंथी एकदम मोठ्या मात्रेने बिघडू शकते, विशेषतः गाठी असतील तर. गर्भाची स्वतःची थायरॉईड साधारण 16 ते 20 आठवड्यांच्या दरम्यान कामाला लागते. तोवर त्याला आईच्याच हार्मोनवर राहावं लागतं, म्हणून टीएसएच चार आठवड्यांनी पुन्हा बघायचा.

प्रसूतीनंतर दूध पाजतानाही गरज 250 मायक्रोग्रॅमच राहते, तेव्हा गोळी बंद करायची तारीख कागदावर ‘प्रसूती’ अशी टाकू नये. आणि हीच नोंद बाळाच्या डॉक्टरांकडे जायला हवी. बाळंतपणात पोव्हिडोन-आयोडीन वापरलं गेलं, तर नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्तातला टीएसएच काही काळ वाढलेला येऊ शकतो, आणि आईची नोंद हाती नसेल तर तो आकडा नीट वाचता येत नाही.