हत्तीरोगाची रात्रीची रक्त तपासणी: कोणी करायची, चिठ्ठीवर काय लागतं आणि नमुना कुठे वाया जातो

हत्तीरोगाच्या रक्त तपासणीला आलेली बरीच माणसं एक तर परत पाठवली जातात, नाहीतर "निगेटिव्ह" लिहिलेला कागद घेऊन निश्चिंत होतात आणि तो कागद खरं तर काहीच सांगत नसतो. दोन्हीचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, रक्त चुकीच्या वेळेला घेतलेलं असतं किंवा वेळ लिहिलेलीच नसते. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी जंतांचं बघू. वुचेरेरिया बँक्रॉफ्टी या जंताचे मोठे नर-मादी लसिकावाहिन्यांत राहतात, त्यांची पिल्लं म्हणजे मायक्रोफायलेरिया, ती रक्तात फिरतात. पण बोटाच्या रक्तात ती सतत सारखी नसतात. दिवसा बहुतेक सगळी फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांत जाऊन थांबतात, रात्री तिथून सुटून सगळ्या अंगात पसरतात आणि साधारण रात्री १० ते २ या वेळात त्यांची गर्दी सगळ्यात जास्त असते. क्युलेक्स डास रात्रीच चावतो, आणि पिल्लांची पुढची वाढ डासाच्याच अंगात होते, म्हणून ही वेळ त्यांच्या सोयीची. फुप्फुसात त्यांना कोण थांबवतं याचा अभ्यास फ्रँक हॉकिंग यांनी केला, त्यांच्या मते दिवसा आणि रात्री फुप्फुसातल्या ऑक्सिजनच्या प्रमाणात पडणारा फरक पिल्लांना कळतो.

आता आकडा मांडून बघा म्हणजे वेळेचा हट्ट का असतो ते समजेल. समजा एखाद्याच्या रक्तात मध्यरात्री एका मिलिलिटरला ५०० पिल्लं आहेत. बोटातून २० मायक्रोलिटर रक्त घेतलं की काचेवर साधारण १० दिसणार, ती चुकणं अवघड. त्याच माणसाचं दुपारी तेवढंच रक्त घेतलं आणि तेव्हा मिलिलिटरला फक्त ५ उरली असतील तर काचेवर सरासरी ०.१, म्हणजे अशा दहा काचा केल्या तर साधारण एकीवर एखादं पिल्लू. बाकी नऊ काचा निगेटिव्ह, माणूस मात्र तोच, रोग तोच. दिवसाचा निगेटिव्ह रिपोर्ट धरून कोणी उपचार थांबवत असेल तर कृपया थांबवू नका.

तपासणी कोणी करायची? हत्तीरोग असलेल्या भागात राहणारा किंवा बराच काळ राहून आलेला, आणि ज्याला वारंवार ताप येऊन पाय, हात किंवा जांघेत लाल दुखरी रेघ उठते, अंडकोषाला सूज आहे, लघवी दुधासारखी पांढरी होते, अशा सगळ्यांनी. सर्व्हेमध्ये तर काहीच त्रास नसलेल्यांचंही रक्त घेतात, ते बरोबरच आहे, कारण पिल्लं भरपूर असूनही माणूस ठणठणीत दिसू शकतो.

आता अडतं कुठे ते बघू. पहिलं म्हणजे वेळ. चिठ्ठीवर "१० ते २" एवढंच लिहून देतात आणि माणूस सकाळी १० ला रांगेत उभा राहतो. त्याची काय चूक? लिहिणाऱ्याने "रात्री" हा एक शब्द लिहायचा कंटाळा केला. त्यापुढे तारखेचा घोळ. "१४ तारीख, रात्री १२:३०" म्हणजे १३ ची रात्र संपून १४ सुरू झालेली असते, पण बहुतेक लोक १४ चा दिवस संपल्यावर येतात, म्हणजे एक रात्र उशिरा. चिठ्ठी घेताना तिथेच विचारून घ्या: "म्हणजे कुठल्या दिवशी जेवून निघायचं?" आणि हो, जेवूनच निघा. या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही, तरी लोक उपाशी येतात आणि मध्यरात्री चक्कर येऊन पडतात.

दुसरी गोष्ट म्हणजे एक नोंद, जी जवळजवळ कोणाकडेच नसते: शेवटची हत्तीरोगाची गोळी कधी घेतली त्याची तारीख. सामूहिक मोहिमेत डीईसीची गोळी घेतलेली असते, कागद कोणी ठेवत नाही. डीईसीने रक्तातली पिल्लं झपाट्याने कमी होतात, मोठे जंत मात्र काही जिवंत राहू शकतात. त्यामुळे गोळीनंतर घेतलेलं रक्त निगेटिव्ह आलं तर त्याचा अर्थ वेगळा लावावा लागतो. नक्की तारीख आठवत नसेल तर अंदाजे महिना तरी सांगा आणि चिठ्ठीवर लिहूनच घ्या.

तिसरी गोष्ट झोपेची, आणि तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. पिल्लं भिंतीवरचं घड्याळ बघत नाहीत, ती तुमच्या शरीराच्या झोप-जागेपणाशी बांधलेली असतात. स्टीफन मॅकेंझी यांनी १८८१ मध्ये लंडनमध्ये एका रुग्णाला दिवसा झोपवून रात्री जागं ठेवलं, तर थोड्या दिवसांत पिल्लं दिवसा दिसायला लागली. आता कायम नाइट ड्युटी करणारा वॉचमन धरा, सकाळी ९ ला झोपतो, दुपारी ४ ला उठतो. त्याचं रक्त रात्री ११ ला घेतलं तर ते त्याच्या शरीराच्या दृष्टीने भर दिवसाचं रक्त झालं. त्याच्यासाठी योग्य वेळ झोप लागल्यानंतर दोन-तीन तासांनी, म्हणजे दुपारी ११-१२ च्या आसपास. सुट्टीच्या दिवशी तो रात्री झोपत असेल तर घड्याळ मधेच कुठेतरी अडकलेलं असतं, मग दोन नमुने घ्या, एक दुपारी एक मध्यरात्री, दोन्हीवर वेळ लिहून. लांबच्या प्रवासाने वेळ बदललेल्यांनाही शरीर जुळेपर्यंत काही दिवस थांबावं लागतं. चिठ्ठीवर झोपेची वेळ लिहायला रकाना नसतो, तुम्हीच तोंडाने सांगा, फारसं कोणी विचारत नाही.

नमुना घेणं सोपं आहे: बोट टोचायचं, २० मायक्रोलिटरचा जाड थर, सपाट ठेवून वाळवायचा, मग पाण्याने लाली काढून गिम्सा रंग. थर फार जाड झाला किंवा नीट वाळला नाही तर धुताना सुटून जातो, मग परत बोलावतात. पिल्लं फार कमी असतील अशी शंका असेल तर नसेतून १ मिलिलिटर रक्त घेऊन गाळणीतून तपासतात, वेळ मात्र तीच.

"दिवसा होणारी टेस्ट नाही का?" असं सगळे विचारतात. आहे, रक्तातला अँटिजेन शोधणारी पट्टी, ती कुठल्याही वेळी चालते. पण ती बँक्रॉफ्टीसाठीच आहे, ब्रुगिया मलायी या दुसऱ्या जंतासाठी नाही, आणि आत्ता रक्तात पिल्लं फिरतायत का हे ती सांगत नाही. डीईसीची गोळी देऊन दिवसा पिल्लं बाहेर काढायचाही एक प्रकार आहे, तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, कारण ज्यांच्या अंगात लोआ लोआ किंवा ऑन्कोसर्का हे जंत आहेत त्यांना तो धोक्याचा ठरतो. पॅसिफिकच्या काही बेटांवरच्या बँक्रॉफ्टीची पिल्लं दिवसाही मिळतात, म्हणून तिथून आलेल्याने तसं आधी सांगावं.

शेवटचं, पाय आधीच मोठा सुजलेला असेल तर त्या माणसाच्या रक्तात पिल्लं बहुतेक वेळा मिळतच नाहीत, रात्री १ ला घेतलं तरी. तिथे निगेटिव्ह रिपोर्ट बघून "तुम्हाला हत्तीरोग नाहीच" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, निदान सूज आणि आधीचा त्रास बघून होतं, आणि पायाची निगा त्या कागदाची वाट न बघता सुरू करायची असते.