प्रेशरचा आलेख ५० मिलिसेकंद मागे दिसतो, पण त्याचा आकार बदलत नाही. असं का?

आमचा प्रेशर रेकॉर्डर बसवला की पहिल्या आठवड्यात शिरोली किंवा गोकुळ शिरगावहून एक फोन हमखास येतो. "लिमिट स्विचचा दिवा आधी लागतो आणि स्क्रीनवर प्रेशर नंतर चढतं. मशीन थांबल्यावर प्रेशर कसं वाढेल?" शंका अगदी रास्त आहे, म्हणून तिचं उत्तर नीट लिहून देत आहोत.

हायड्रॉलिक पॉवर पॅकचं प्रेशर कधीच गुळगुळीत नसतं. मोटर मिनिटाला १४४० फेरे घेत असेल आणि पंपात नऊ पिस्टन असतील, तर सेकंदाला २४ गुणिले ९, म्हणजे २१६ बारीक धक्के तेलातून सेन्सरपर्यंत येतात. वायरिंगमधून ५० हर्ट्झची घरघर मिसळते ती वेगळीच. हे सगळं तसंच दाखवलं तर आलेखाची रेघ केसाळ दिसते आणि प्रेशर नेमकं कुठे चढलं ते कळत नाही. म्हणून रेकॉर्डर सेकंदाला १००० सॅम्पल घेतो आणि ती १०१ गुणकांच्या एफआयआर फिल्टरमधून पाठवतो. फिल्टर दर वेळी शेवटची १०१ सॅम्पल घेतो, प्रत्येकाला त्याच्या ठरलेल्या गुणकाने गुणतो आणि बेरीज बाहेर देतो. साधारण १२ हर्ट्झपर्यंतचे चढउतार जवळजवळ जसेच्या तसे पुढे जातात, ५० हर्ट्झ आणि त्यावरचं बरंचसं गळून पडतं.

या गुणकांमध्ये पहिला आणि शेवटचा सारखा, दुसरा आणि शेवटून दुसरा सारखा, अशी आरशातली रचना असते. मधला गुणक एकटाच. उशीरही या रचनेमुळे होतो आणि आकारही तिच्यामुळेच टिकतो.

एखादी शुद्ध लाट डोळ्यांसमोर आणा. तिच्यावरचा एक बिंदू मध्य धरा आणि त्याच्या आधीचं व नंतरचं सारख्याच अंतरावरचं सॅम्पल घेऊन त्यांची बेरीज करा. ही बेरीज नेहमी मधल्या किमतीच्या ठरावीक पटीत येते. अकरावीच्या त्रिकोणमितीत हेच सूत्र होतं:

`cos(θ+φ) + cos(θ−φ) = 2·cos φ·cos θ`

लाटेचं एक आवर्तन २० सॅम्पलचं असेल, तर पाच सॅम्पल अंतरावरच्या जोडीची बेरीज कायम शून्य, आणि दहा सॅम्पल अंतरावरच्या जोडीची मधल्या किमतीच्या उणे दुप्पट. आमच्या फिल्टरमध्ये अशा ५० जोड्या आहेत. प्रत्येक जोडीचे दोन्ही गुणक सारखे असल्यामुळे प्रत्येक जोडी मधल्या सॅम्पलचीच काही पट देते. सगळ्या जोड्या आणि मधलं सॅम्पल मिळून उत्तर येतं ते "मधली किंमत गुणिले एक आकडा" असं. लाट संथ की जलद यावर तो आकडा बदलतो, वेळ मात्र बदलत नाही. बाहेर येणारी किंमत कायम मधल्या सॅम्पलच्या क्षणाची असते, आणि मधलं सॅम्पल ५० सॅम्पल जुनं असतं. सेकंदाला १००० सॅम्पल, म्हणून ५० मिलिसेकंद.

या उशिराला ग्रुप डिले म्हणतात. काटेकोर व्याख्येत तो फेज आणि फ्रिक्वेन्सी यांच्या आलेखाचा उणे उतार असतो. आपल्या फिल्टरच्या कामाच्या पट्ट्यात ही रेघ सरळ आणि शून्यातून जाणारी आहे, म्हणून एकट्या लाटेचा उशीर आणि लाटांच्या गठ्ठ्याचा उशीर एकच निघतो. सूत्र `(N−1)/2`, यात N म्हणजे गुणकांची संख्या. N सम असता, समजा १००, तर उशीर ४९.५ सॅम्पल आला असता. अर्ध्या सॅम्पलवर आलेख सरकवता येत नाही, म्हणून आम्ही विषम संख्या घेतली.

आता आकाराचं बघू. प्रेशरचा कोणताही चढउतार अनेक लाटांची बेरीज असतो. सगळ्या लाटा ५० मिलिसेकंदच मागे राहिल्या तर त्यांची आपसातली जागा हलत नाही. काही जास्त, काही कमी मागे पडल्या तर बेरीज वाकडी होते. हे कागदावर पाच मिनिटांत करून पाहता येतं. प्रेशर ०, ४, ८, ४, ० असं चढलं आणि उतरलं असं समजा. त्याला पाव, अर्धा, पाव हे तीन गुणक लावा. उत्तर येतं ०, १, ४, ६, ४, १, ०. शिखर एक सॅम्पल उशिरा आलं, पण चढ आणि उतार दोन्ही बाजूंनी सारखेच. आता बऱ्याच स्वस्त मीटरमध्ये असते तशी पद्धत घ्या: नव्या किमतीचा अर्धा आणि मागच्या उत्तराचा अर्धा. त्याच प्रेशरचं उत्तर ०, २, ५, ४.५, २.२५, १.१३, ०.५६ असं रेंगाळत जातं. चढ झटपट, उतार लांबलचक. या पद्धतीत अगदी संथ लाट एक सॅम्पल मागे राहते, तर सहा सॅम्पलची लाट अर्धंच. असा आलेख पाहून एखादा अनुभवी फिटरसुद्धा रिलीफ व्हॉल्व्ह अडकतोय असं म्हणेल आणि चांगला व्हॉल्व्ह खोलून ठेवेल. आम्हाला हा फिल्टर निवडायला लावणारं कारण हेच.

सेव्ह केलेल्या फाइलमध्ये प्रेशर ५० सॅम्पल मागे सरकवून लिमिट स्विचशी जुळवलेलं असतं, तिथे काही करायचं नाही. चालू स्क्रीनवर मात्र उशीर दिसणारच. प्रेशरची वेळ तुमच्या पीएलसीच्या नोंदीशी ताडायची असेल तर स्क्रीनच्या वेळेतून ५० मिलिसेकंद वजा करा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. फिल्टर केलेल्या प्रेशरवर सेफ्टी ट्रिप कधीही लावू नका. रॅम सेकंदाला २०० मिलिमीटर वेगाने खाली येत असेल तर ५० मिलिसेकंदांत तो १० मिलिमीटर पुढे गेलेला असतो. ट्रिपसाठी वेगळा प्रेशर स्विच हवाच.

आकार टिकतो तो फिल्टर ज्या लाटा पुढे सोडतो त्यांचाच. व्हॉल्व्ह धाडकन बंद झाल्यावर ५ मिलिसेकंदांचा झटका येतो, त्यात जलद लाटा भरपूर असतात आणि त्या फिल्टरमध्ये गळतात. म्हणून तो झटका बुटका आणि पसरट दिसेल. शिवाय त्याच्या दोन्ही बाजूंना बारीक लहरी दिसतील, झटक्याच्या आधीसुद्धा. त्या आधीच्या लहरी पाहून गळतीची शंका घेऊ नका. झटका खरंच एकटा आणि आखूड असेल तर दोन्हीकडच्या लहरी एकमेकींचं आरशातलं प्रतिबिंब असतात. शंका राहिली तर मेनूमधून फिल्टर बंद करून तोच स्ट्रोक पुन्हा घ्या. लहरी गेल्या तर त्या फिल्टरच्या होत्या, राहिल्या तर तेलातल्या.

आमच्या सुरुवातीच्या एका संचात गुणकांचा तक्ता हाताने भरताना एक आकडा चुकला आणि आरसा मोडला. आलेख किंचित तिरका येत होता, पण नुसत्या नजरेने पकडता आला नाही. एकच सॅम्पल १ आणि बाकी सगळी ० अशी चाचणी दिल्यावर गुणक ओळीने बाहेर आले आणि चूक दिसली. तेव्हापासून यंत्रात ५१ गुणकच ठेवतो. जोडीतली दोन सॅम्पल आधी एकत्र मिळवायची आणि मग एकदाच गुणायचं. गुणाकार १०१ ऐवजी ५१ झाले, आणि दोन बाजूंचे आकडे वेगळे पडायला जागाच उरली नाही. हीच चाचणी तुमच्या रेकॉर्डरच्या सर्व्हिस मेनूमध्ये आहे. छापलेल्या ओळीत ५१वा आकडा मधला. तिथून दोन्हीकडे सारखेच आकडे यायला हवेत, एकही वेगळा दिसला तर रेकॉर्डर काढून आमच्याकडे पाठवा.